पाठ ३: बसस्टँडवर कन्नड

(सावकाश, स्पष्ट आवाजात)

नमस्कार. आपण बेळगावच्या बसस्टँडवर आहोत. खानापूरची गाडी हवी आहे. आधी नुसतं ऐका.

खानापुरक्क होगतैतेन्री?

म्हणजे, खानापूरला जाते का हो?

आता माझ्यामागून म्हणा. खानापुरक्क. (३ सेकंद शांतता)
होगतैतेन्री? (५ सेकंद शांतता)
लांब वाटतं ना? तोडून घेऊ. होग-तैते-न्री. (६ सेकंद शांतता)

शेवटचा ‘री’ गिळू नका. आपल्या भागातल्या कन्नडमध्ये समोरच्याचा मान त्यातच असतो.

सगळं एकत्र. खानापुरक्क होगतैतेन्री? (७ सेकंद शांतता)
पुन्हा, न घाबरता. (७ सेकंद शांतता)

कंडक्टर म्हणतील: होगतैत्री, हत्त्री. म्हणजे, जाते, चढा. हत्त्री. (३ सेकंद शांतता)

आता मी कंडक्टर. विचारा. (८ सेकंद शांतता)

होगतैत्री, हत्त्री!