क्रेडिट कार्डाचा अर्ज, भाग २ : काम, घर आणि क्रेडिट हिस्ट्री बघायची परवानगी

नाव, जन्मतारीख, फोन हे सगळं पहिल्या भागात झालंय, ते परत नको. इथे आज जे आहे तेच लिहा. पुढच्या महिन्यात जॉइन होणार ती नोकरी, बुक केलेला पण ताबा न मिळालेला फ्लॅट असलं काही नको, कागद मागवले की जुळत नाही आणि मग अर्ज तिथेच पडून राहतो.

कामाचा प्रकार (एकच निवडा, जास्त पैसे ज्यातून येतात तो)

पगारी, कायम / पगारी, कॉन्ट्रॅक्टवर / स्वतःचा धंदा / फ्रीलान्स / निवृत्त / विद्यार्थी / घर सांभाळणं / सध्या काम नाही

गोंधळ बहुतेक इथेच होतो म्हणून सांगतो, दर महिन्याला ठरलेली रक्कम येते म्हणजे तुम्ही पगारी असं नाही, पगाराची स्लिप मिळते की तुम्ही बिल पाठवता ते बघा, बिल पाठवत असाल तर फ्रीलान्स. फ्रीलान्स लिहिलं म्हणून अर्ज आपोआप नाकारला जात नाही, फक्त स्लिपऐवजी टॅक्स रिटर्न आणि बँक स्टेटमेंट लागतं.

निवडलं : फ्रीलान्स

कधीपासून : अडीच वर्षं

अजून काही सांगायचंय? : व्हिडिओ एडिटिंग करतो. आधी एका कंपनीत पगारावर हेच काम होतं, आता स्वतः घेतो, तीन क्लायंट कायमचे आहेत, त्यातला एक दर एक तारखेला ठरलेली रक्कम टाकतो त्यामुळे स्टेटमेंटवर ते पगारासारखं दिसेल पण पगार नाहीये, माझं बिल जातं. मध्ये दोन महिने जमा कमी दिसेल, काम बंद नव्हतं, एका मोठ्या बिलाचे पैसे उशिरा आले आणि पुढच्या महिन्यात एकदम जमा झाले. दोन वर्षांचे रिटर्न आणि सहा महिन्यांचं स्टेटमेंट जोडलंय.

राहतं घर

स्वतःचं, लोन नाही / स्वतःचं, लोन चालू / भाड्याचं / आईवडिलांचं किंवा नातेवाइकांचं / कंपनीने दिलेलं / होस्टेल किंवा पीजी

घर कोणाच्या नावावर आहे ते बघा, हप्ता कोण भरतं ते नाही. हप्ता किंवा भाडं तुमच्या खात्यातून जात असेल तर ते खालच्या ओळीत सांगा, कारण कार्डाचं बिल भरायला हातात किती उरतं ते त्यावरून कळतं.

निवडलं : आईवडिलांचं

हप्ता किंवा भाडं : भाडं नाही. घर आईच्या नावावर, लोनमध्ये मी को-अॅप्लिकंट आहे आणि पूर्ण हप्ता माझ्याच खात्यातून जातो, म्हणजे माझ्या क्रेडिट रिपोर्टमध्येही हे लोन दिसणार.

क्रेडिट हिस्ट्री बघायची परवानगी

आधी नीट वाचा, मग टिक करा. कुठल्याही चौकोनात आम्ही आधीच टिक करून ठेवलेली नाही.

तुम्ही हो म्हणालात तर आम्ही क्रेडिट ब्युरोकडून तुमचा रिपोर्ट मागवणार. त्यात तुमची चालू आणि बंद झालेली लोन, कार्डं, त्यांची लिमिट, किती बाकी आहे, हप्ते वेळेवर गेले की उशिरा, आणि याआधी कोणकोणत्या कंपन्यांनी तुमचा रिपोर्ट मागवला हे असतं. ही हार्ड एन्क्वायरी आहे, म्हणजे तिची नोंद रिपोर्टवर राहते आणि स्कोअर थोडा खाली येऊ शकतो, कार्ड मिळालं नाही तरी ती नोंद जात नाही. स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितल्याने स्कोअर कमी होत नाही, त्यामुळे शंका असेल तर आधी तो बघून घ्या, अर्ज इथे सेव्ह राहील. एकाच आठवड्यात चार ठिकाणी कार्डासाठी अर्ज टाकू नका एवढं मात्र सांगावंसं वाटतं.

१. या अर्जासाठी माझा रिपोर्ट एकदा मागवायला परवानगी आहे. (याशिवाय अर्ज पुढे जाणार नाही)
उत्तर : हो

२. कार्ड मिळालं तर पुढे लिमिट ठरवताना अधूनमधून रिपोर्ट बघायला परवानगी आहे. (ऐच्छिक, कधीही काढून घेता येईल)
उत्तर : हो

३. रिपोर्टवरून लोन आणि इन्शुरन्सच्या ऑफर पाठवायला परवानगी आहे. (ऐच्छिक, नाही म्हटलं तर कार्डाच्या निर्णयावर काही फरक नाही)
उत्तर : नाही

रिपोर्टबद्दल आम्हाला आधीच काही सांगायचंय? : बाइकचं लोन फेडून झालंय, एनओसी जोडली आहे, तरी रिपोर्टमध्ये ते अजून चालू दाखवतंय. ब्युरोकडे तक्रार टाकली आहे पण अजून दुरुस्त झालेलं नाही, तेव्हा त्याचा हप्ता कृपया माझ्या खर्चात धरू नका.

वरचं सगळं खरं आहे आणि मी स्वतः भरलंय. : हो

‘पाठवा’ दाबलं की रिपोर्ट लगेच मागवला जातो, त्यानंतर पहिली परवानगी मागे घेतली तर अर्ज थांबेल पण झालेली एन्क्वायरी पुसता येणार नाही. अर्ज नाकारला तर कारण लेखी कळवू, आणि ते कारण रिपोर्टमधलं असेल तर कुठल्या ब्युरोचा रिपोर्ट होता तेही कळवू.