क, ख, ग, घ आणि फडफडणारी पट्टी

(पडद्यावर ताई, हातात टिश्यू पेपर.)

ताई: नमस्कार, बाळगोपाळांनो! सिडनीत असा, ऑस्टिनमध्ये असा नाहीतर लीड्समध्ये, पळत जाऊन एक टिश्यू पेपर आणा. दोन बोटं रुंद पट्टी फाडा. मी थांबते.

(५ सेकंद थांबणे.)

पट्टी नाकासमोर धरा, खालचं टोक ओठांपुढे लोंबू द्या. आता माझ्यामागून म्हणा: ख!

(३ सेकंद.)

फडफडली? फडफडायलाच हवी. ख, ख, खार! (३ सेकंद.)

आता क. क म्हणताना पट्टी गप्प हवी. म्हणा: क! (३ सेकंद.) उडाली? मग तो ख झाला. इंग्रजीत 'काइट' म्हणताना तोंडातून हवा सुटते, तीच सवय इथं येते. पण युक्ती आहे. 'स्काय' म्हणा. (३ सेकंद.) पट्टी हलली नाही ना? आता स मनातल्या मनात म्हणा: (स्)काय, (स्)काय... काय! (४ सेकंद.) वा! 'काय?' म्हणता आलं की क आलाच. क, क, कमळ!

(पडद्यावर पालकांसाठी: क नीट येईपर्यंत इथूनच पुन्हा लावा. "चुकलं" म्हणू नका, पट्टीकडे बोट दाखवा.)

आता तळहात गळ्यावर. म्हणा, शेवटचा अ न लावता: क्! गळा शांत. तसंच म्हणा: ग्! (३ सेकंद.) आत गुणगुणलं ना? कुजबुजत म्हणाल तर ग चा क होईल, म्हणून मोठ्यानं: ग, ग, गाजर!

घ सगळ्यांत अवघड. गळा गुणगुणतो आणि हवाही सुटते, दोन्ही एकदम. मध्ये थांबलात तर 'ग-हर' होतं. एका दमात: घर! (३ सेकंद.) पुन्हा: घर! (३ सेकंद.)

टाळ्या वाजवत, एकेक ओळ माझ्यामागून:

क कमळाचा, पट्टी गप्प! (३ सेकंद.)
ख खारीचा, उडाली झप्प! (३ सेकंद.)
ग गाजराचा, गळा गुणगुण! (३ सेकंद.)
घ घराचा, घंटा घणघण! (३ सेकंद.)

(पडद्याच्या कडेतून ङ डोकावतो.)

अरे, हा कोण? हा ङ. मराठी शब्दाच्या सुरुवातीला हा कधी येत नाही, मध्ये लपतो. 'रंग' म्हणा. आता नाक चिमटीत धरून 'रंग' म्हणा. (४ सेकंद.) अडकला ना? तोच ङ!

बोट वर करा, हवेत ग काढू या. आधी गाठीची रेघ, मग उभी रेघ, शेवटी डोक्यावरची आडवी. आडवी आधी काढली तर अक्षर तिच्यात मावेलच असं नाही.

आता मी चित्र दाखवते, तुम्ही पहिलं अक्षर ओरडून सांगा. (खडू, ३ सेकंद.) ख! (गवत, ३ सेकंद.) ग! (घड्याळ, ३ सेकंद.) घ! (कासव, ३ सेकंद.) क, आणि पट्टी गप्प! ती पट्टी टाकू नका, पुढच्या वेळी च आणि छ ला लागणार आहे.