पोशाख नियमावली : हळद व बेदाणा प्रक्रिया कारखाना, कुपवाड एमआयडीसी, सांगली

सोमवार, १ जून २०२६ पासून लागू

ही नियमावली कायम, हंगामी आणि कंत्राटी कामगार, कार्यालयातले कर्मचारी, गाडीचालक, पहारेकरी, शिकाऊ मुलं-मुली, भेटीला येणारे पाहुणे आणि मालक या सर्वांना लागू आहे. मालक यादीत शेवटी असले, तरी दळण विभागात टोपी त्यांनाही तेवढीच. मार्केट यार्डातल्या सौद्यावरून थेट माल बघायला येणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी गेटवर टोपी, अ‍ॅप्रन आणि पायात घालायची आवरणं ठेवलेली असतात. ती न घालता कोणाला आत सोडू नये, ओळखीचा माणूस असला तरी.

आजवर "साधा व सभ्य पोशाख करावा" एवढी एकच ओळ फलकावर होती. सभ्य कशाला म्हणायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं, म्हणजे प्रत्यक्षात पाळीवरच्या मुकादमाने. ती ओळ रद्द केली आहे. यापुढे पोशाखाबद्दल कोणाला काही सांगायचं असेल, तर कारण तीनच : यंत्रात अडकेल, मालात पडेल किंवा माणसाची ओळख पटत नाही. या तिन्हीत न बसणारी गोष्ट नियमाच्या बाहेरची आहे. ती कोणाला आवडो वा न आवडो.

१. कंपनी काय देते

उत्पादन विभागातल्या प्रत्येकाला वर्षाला तीन जोड मिळतील. जोडात बंद गळ्याचा, मनगटाला इलॅस्टिक असलेला लांब बाह्यांचा अ‍ॅप्रन, केस पूर्ण झाकणारी टोपी आणि बंद बूट असतात. पॅन्ट-शर्ट की सलवार-कुर्ता, हे घालणाऱ्याने निवडायचं. पैसे कापले जाणार नाहीत. मापं मे महिन्यातच घेतली जातील. गरोदर महिलांना मोठ्या मापाचा अ‍ॅप्रन मागितल्या दिवशी मिळेल. कातडं न वापरणाऱ्यांसाठी रेक्झिन-रबराचे बूट आहेत. मापं देताना फक्त "बिनकातड्याचे" एवढंच सांगायचं, का ते सांगायची गरज नाही.

कपडे बदलायला पाळीच्या सुरुवातीची आणि शेवटची दहा-दहा मिनिटं कामाच्या वेळेत धरली आहेत. महिला आणि पुरुषांच्या खोल्या वेगळ्या आहेत. तृतीयपंथी सहकाऱ्यांनी आपल्या ओळखीनुसार पोशाख आणि खोली निवडावी. कोणाला एकट्याने कपडे बदलायचे असतील, तर प्रथमोपचार खोलीशेजारची खोली आतून कडी लावून वापरता येईल. प्रत्येकाला कुलपाचा लॉकर आहे, कारण दागिने काढायला सांगायचे तर ते ठेवायची जागा देणं कंपनीचं काम आहे.

हळदीचा पिवळा डाग म्हणजे अस्वच्छता नव्हे. धुतलेला पण पिवळा पडलेला अ‍ॅप्रन चालतो. न धुतलेला, फाटलेला किंवा बटण लोंबणारा अ‍ॅप्रन बदलून घ्यावा.

२. पॉलिश ड्रम, दळण यंत्रं आणि पट्टे

सगळ्यात कडक नियम इथे आहेत. फिरत्या यंत्राजवळ अंगाला बसणारे कपडे हवेत, ही अट १९४८ च्या कारखाना अधिनियमापासूनची आहे आणि पुलीला पदर, दुपट्टा, धोतर किंवा शर्टाचं टोक यांतला फरक कळत नाही. इथे साडी, धोतर, लुंगी, दुपट्टा, उपरणं, मफलर आणि सुटी वेणी चालणार नाही. रोज नऊवारी किंवा सहावारी नेसून येणाऱ्यांनी ती खुशाल नेसून यावी आणि खोलीत बदलावी. ज्यांना साडीच नेसून काम करायचं आहे, त्यांना निवडणी किंवा पॅकिंगला जागा मिळेल, पगार तोच.

गळ्यातलं मंगळसूत्र, तुळशीची माळ, जानवं, ताईत, क्रूस किंवा शिवदोऱ्यातलं इष्टलिंग काढायला कोणी कोणाला सांगायचं नाही. ते बंद गळ्याच्या अ‍ॅप्रनच्या आत, अंगालगत असावं. लांब मंगळसूत्र आतल्या कपड्याला पिन न लावता खोचावं, कारण पिन ही स्वतःच मालात पडणारी वस्तू आहे.

दळणाच्या खोलीत धुळीसाठी तोंडाला घट्ट बसणारा मास्क लागतो. दाढीवर तो नीट बसत नाही, कडेने धूळ आत जाते. म्हणून दाढी ठेवणाऱ्याला डोक्यावरून येणारा, आत हवा सोडणारा हूड दिला जाईल. हूड मिळेपर्यंत त्या माणसाला दळणात उभं करू नये आणि दाढी काढायलाही सांगू नये. दाढी श्रावणाची आहे, सुन्नत म्हणून ठेवलेली आहे, की दुःखातली आहे, हे विचारायचं कारण नाही.

गोदामात थप्प्यांच्या कामाला हेल्मेट लागतं. पगडी बांधणाऱ्याला तिथे पाठवू नये, दुसरं काम द्यावं.

३. निवडणी, चाळण, भरणी आणि पॅकिंग

इथे माल उघडा असतो. अन्न परवाना व नोंदणीच्या २०११ च्या विनियमांतली अनुसूची ४ आपल्याला लागू आहे. तिची मुख्य अपेक्षा साधी आहे : माणसाच्या अंगावरचं काही मालात जाता कामा नये.

साडी चालते. पदर खांद्यावरून घेऊन कमरेला खोचावा आणि त्यावर अ‍ॅप्रन बांधावा. हिजाब चालतो. तो कंपनीने दिलेल्या सुती कापडाचा, डोकं-मान झाकणारा असावा, टोकं अ‍ॅप्रनच्या आत आणि पिनेऐवजी शिवलेली पट्टी. बुरखा खोलीत काढून ठेवावा, घरी जाताना घालावा. फेटा आणि पगडी रोजच्या धुतलेल्या कापडाची असावी, गांधी टोपी आणि नमाजाची टोपी कंपनीच्या टोपीच्या आत. दाढी-मिशी असलेल्या प्रत्येकाने जाळी लावावी. जट असलेल्या महिलांसाठी मोठ्या घेराच्या टोप्या शिवून घेतल्या आहेत. जट काढण्याबद्दल कारखान्यात कोणीही उपदेश करायचा नाही.

हाताबद्दल जरा सविस्तर, कारण वाद इथेच होतात. काचेच्या आणि लाखेच्या बांगड्या उघड्या मालाजवळ चालणार नाहीत. बेदाण्यात काचेचा तुकडा गेला तर तो डोळ्याला दिसत नाही. पण हात मोकळे ठेवायचे नसतील, तर प्रत्येक हातात एक बिनजोडाची, बिननक्षीची धातूची बांगडी चालेल, इलॅस्टिकच्या बाहीत. हाच नियम शीख बांधवांच्या कड्याला. राखी, गंडा, पिराचा दोरा, व्रताचा दोरा हे सगळं बाहीच्या आत. घड्याळ, स्मार्ट बँड आणि खड्यांच्या अंगठ्या मात्र लॉकरमध्ये. साधी, बिनखड्याची अंगठी हातमोज्याच्या आत चालते. मेंदी वाळून धुतलेली असली की चालते. नखांना रंग लावलेला नको.

टिकली मालात पडते, म्हणून या विभागात नको. मेणावरचं ओलं कुंकू, गोंदण, वाळलेलं गोपीचंदन चालतं. बुक्का आणि भंडारा हात-तोंड धुताना पुसून यावं. नथ नको, चमकी मास्कखाली झाकावी. जोडव्यांना बंद बुटात हरकत नाही.

नवरात्रात अनवाणी राहणाऱ्यांना किंवा अय्यप्पाची माळ घातलेल्यांना हातगाड्यांच्या वाटेत अनवाणी फिरू देता येत नाही. त्या दिवसांत लेबल मोजण्याच्या खोलीत काम मिळेल. आठवडाभर आधी सांगितलं तर सोय नीट होते. अय्यप्पाचे काळे कपडे अ‍ॅप्रनखाली चालतात.

४. कार्यालय, गेट, गाडी

स्वच्छ आणि कामाला सोयीचं काहीही चालेल : धोतर, नऊवारी, बुरखा, सलवार, जीन्स, गांधी टोपी, टिळा. घोषणा असलेले टी-शर्ट, पक्षाची चिन्हं आणि कोणत्याही मंडळाचं छापील नाव मात्र नको. इथे "कोणत्याही" हा शब्द अक्षरशः घ्यावा. गणेशोत्सव, शिवजयंती, १४ एप्रिल, ईद, सगळीकडे तोच.

नवरात्रातल्या नऊ रंगांच्या साड्या ही हौस आहे, हजेरी नव्हे. रंग न पाळल्याबद्दल टोमणा नको, फोटोसाठी आग्रह नको.

चेहरा झाकलेला असेल तर गेटवर महिला पहारेकरी आडोशाला ओळख पटवेल. पाळीला महिला पहारेकरी नसेल, तर कार्यालयातल्या एखाद्या महिलेला बोलवावं. शीख व्यक्तीचं कृपाण म्यानात, कपड्याच्या आत असेल तर गेटवर अडवू नये. कृपाण धारण करणं शीख धर्माचरणात मोडतं, असं संविधानाच्या कलम २५ च्या स्पष्टीकरणातच म्हटलं आहे.

५. सांगायचं कसं

बाजूला बोलावून, हात न लावता, वस्तूबद्दल बोलायचं. "ताई, बांगड्या काचेच्या आहेत, लॉकरला ठेवून या" एवढं पुरे. "तुमच्यात असंच असतं का?" हे वाक्य नियमभंग समजलं जाईल आणि नोंद मुकादमाच्या नावावर होईल.

पोशाख वहीत तारीख, विभाग, वस्तू, तिन्हींपैकी कोणतं कारण आणि काय केलं एवढंच लिहावं. जात-धर्माचा रकाना वहीत नाही, तो कोणी आखू नये. पहिल्या वेळी वस्तू काढून किंवा झाकून लगेच काम सुरू. महिन्यात तिसऱ्यांदा तेच घडलं तर समितीसमोर बोलणं. केवळ पोशाखावरून कोणाला घरी पाठवायचं नाही, खाडा लावायचा नाही.

६. सवलत आणि तक्रार

वर न लिहिलेली एखादी गोष्ट कोणाला श्रद्धेने, प्रथेने किंवा तब्येतीमुळे पाळायची असेल, तर तोंडी सांगितलं तरी चालेल. कार्यालय ते लिहून घेईल. दाखला मागायचा नाही. समितीत गुणवत्ता अधिकारी, पाळी प्रमुख, कार्यालयातली एक व्यक्ती आणि कामगारांनी निवडलेले दोघं, पैकी किमान एक महिला. तीन कामाच्या दिवसांत निर्णय, तोवर पूर्ण पगारावर दुसरं काम. नकार द्यायचा तर यंत्र, माल की ओळख, यांपैकी कारण लिहून द्यावं लागेल आणि त्याआधी झाकून, बांधून किंवा काम बदलून भागतं का, ते करून बघावं लागेल. एकाला दिलेली सवलत त्याच कामावरच्या तशाच कारणाच्या प्रत्येकाला लागू होईल.

समिती दर तीन महिन्यांनी वही वाचेल. एकाच मुकादमाच्या नोंदी ठरावीक माणसांवरच पडत असतील, किंवा एखादी वस्तू एका पाळीत अडवली आणि दुसरीत सोडली असेल, तर आधी त्या मुकादमाशी बोलणं होईल. पाळीच्या अधिकाऱ्याविरुद्धची तक्रार थेट कार्यालयात द्यावी.

ही नियमावली मराठीत गेटवर, दोन्ही कपडे बदलण्याच्या खोल्यांत आणि जेवणघरात लावली जाईल. वाचता न येणाऱ्यांना मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पाळीच्या सुरुवातीला वाचून दाखवली जाईल, आणि हंगामात नवीन येणाऱ्यांना पहिल्या दिवशी, अ‍ॅप्रनचं माप घेताना.