शेतकरी गटाची खरीपपूर्व सभा : विषयपत्रिका, सकाळी 7 ते 8

रविवार, 17 मे 2026. जागा समाज मंदिर. सुरुवात बरोबर 7 ला, शेवट बरोबर 8 ला.

सर्व 24 सभासदांना नमस्कार.

12 एप्रिलची सभा आठवा. सातची सभा 7:35 ला सुरू झाली. ट्रॉलीच्या भाड्याचे तीनशे रुपये कुणाकडे, यात पाऊण तास गेला. बियाण्याचा विषय निघाला तेव्हा साडेनऊ वाजले होते आणि सतरंजीवर नऊ माणसं उरली होती. बाया तर पाणी भरायला केव्हाच उठून गेल्या होत्या. नऊ जणांनी चोवीस जणांचं बियाणं ठरवायचं नाही म्हणून विषय तसाच राहिला. आता मृग तीन आठवड्यांवर आहे, पुन्हा तसं परवडणार नाही.

म्हणून यावेळी प्रत्येक विषयापुढे मिनिटं लिहिली आहेत. ज्या विषयावर त्याच दिवशी निर्णय लागतो त्याला जास्त, नुसतं सांगायचं आहे त्याला कमी. सगळी बेरीज साठच होते, दोनदा करून पाहिली आहे. त्या दिवशी समाज मंदिरात 10 वाजता तेरवी आहे आणि घरची मंडळी भांडी घेऊन सव्वाआठलाच येणार आहेत. लांबवायचं म्हटलं तरी जागा नाही. अधिक महिनाही त्याच दिवशी लागतो, म्हणजे लग्नाला जायचं आहे ही सबब कुणाकडे नाही.

वेळ पाहायचं काम कोषाध्यक्षांच्या मुलीकडे. ती बारावी झाली आहे आणि कुणाला भीत नाही. भजनी मंडळाचे टाळ तिच्याजवळ राहतील. दोन मिनिटं उरली की एकदा वाजेल, वेळ संपली की दोनदा. दोनदा वाजल्यावर अध्यक्षही बोलणार नाहीत. त्यांनी हे स्वतःहून कबूल केलं आहे.

येताना तीन गोष्टी आणा : तुमच्या पऱ्हाटीचं आणि सोयाबीनचं एकर किती ते लिहिलेली चिठ्ठी, घरच्या सोयाबीनच्या उगवण चाचणीचा आकडा आणि मे महिन्याच्या बचतीचे 200 रुपये. बचत 7 वाजायच्या आत दारातच जमा होईल. सभेत पैसे मोजत बसायचं नाही.

7:00 ते 7:03 (3 मिनिटं) हजेरी
सही करून बसा. सात वाजता जितके असतील तितक्यांत सुरू करू. उशिरा येणाऱ्यासाठी झालेलं पुन्हा सांगणार नाही, शेजाऱ्याला हळूच विचारा.

7:03 ते 7:08 (5 मिनिटं) मागचं इतिवृत्त
सचिव फक्त ठराव वाचतील, चर्चा नाही. ट्रॉलीच्या तीनशे रुपयांचा निकाल लागला आहे. दोघांनी अर्धे अर्धे भरले, पावती फाइलला लावली आहे. राजेहो, तो विषय आता उकरू नका.

7:08 ते 7:28 (20 मिनिटं) बियाणं आणि खताची सामाईक खरेदी
सभा मुख्यतः यासाठीच आहे, म्हणून तासाचा तिसरा हिस्सा याला दिला.

पहिली 4 मिनिटं : खरेदी समितीचे दोघं तीन कृषी केंद्रांचे लेखी भाव वाचतील. तक्ता आधीच फळ्यावर लिहिलेला असेल, सव्वासहापासून कुणीही येऊन पाहू शकतो. आतापर्यंतच्या नोंदीप्रमाणे पऱ्हाटी 62 एकर आहे, एकरी दोन पाकिटं धरून 124 पाकिटं. तुमच्या चिठ्ठीत बदल असेल तर आकडा तिथेच दुरुस्त होईल.

पुढची 8 मिनिटं : बोलणं. चोवीस जण एकेक मिनिट बोलले तरी 24 मिनिटं जातात. म्हणून सहा-सहाचे चार चमू केले आहेत : नाल्याकडचे, टेकडीकडचे, गावठाणालगतचे आणि ओलिताचे. प्रत्येक चमूतून एकानं 2 मिनिटं बोलायचं. कोण बोलणार आणि काय मांडणार हे शनिवारी संध्याकाळी आपसात ठरवून या. वाणाचा वाद तिथेच मिटवा. गट जास्तीत जास्त दोन वाण घेईल, कारण पाच वाणांची पंचवीस-पंचवीस पाकिटं घेतली तर भाव कुणीच सोडत नाही. कोरडवाहूसाठी लवकर येणारं, 140 ते 160 दिवसांचं वाण पाहा, असं समितीचं म्हणणं आहे. ओलिताच्या चमूला वेगळं वाटत असेल तर त्यांनी त्यांच्या 2 मिनिटांत सांगावं.

त्यानंतर 5 मिनिटं प्रश्न. एक प्रश्न येणारच, म्हणून आधीच लिहून ठेवतो. मागच्या वर्षी एका दुकानानं डीएपी हवं असेल तर सोबत सूक्ष्म अन्नद्रव्याची बाटली घ्यावीच लागेल म्हटलं, आणि आपल्यातल्या सात जणांनी मुकाट्यानं घेतली. त्या बाटल्या अजून गोठ्यात पडल्या आहेत. यंदा अशा लिंकिंगला गट हो म्हणणार नाही. ज्या दुकानाच्या भावपत्रात तशी अट आहे ते फळ्यावरूनच पुसलं आहे.

शेवटची 3 मिनिटं : हात वर करून निर्णय. कोणतं दुकान, कोणते दोन वाण आणि धनादेश घेऊन कोण दोघं जाणार. पाकिटावरचा लॉट नंबर बिलावर लिहून घेतल्याशिवाय माल उचलायचा नाही. बिल आणि एक रिकामं पाकीट वेचा होईपर्यंत जपून ठेवायचं. उगवलं नाही तर तक्रारीला तेच लागतं.

7:28 ते 7:40 (12 मिनिटं) गुलाबी बोंडअळी : पेरणीची वेळ आणि सापळे
कृषी सहायक बाई येतील. साडेआठला त्यांची दुसऱ्या गावात सभा आहे, म्हणून आधीचा विषय अर्धा राहिला तरी 7:28 ला त्या उभ्या राहतील.

बाईंची 6 मिनिटं, आपल्या प्रश्नांची 3, निर्णयाची 3. बाईंना दोनच गोष्टींवर बोलायची विनंती केली आहे. पहिली, धूळपेरणी का नको. मे-जूनमध्ये कोषातून निघणाऱ्या पतंगांना पात्या-फुलं मिळाली नाहीत तर त्यांची पिढी तिथेच खुंटते. एकानं घाई केली तर त्याचं वावर अख्ख्या शिवाराच्या अळीचं माहेर होतं. दुसरी, सापळ्यातले पतंग मोजायचे कसे आणि कोणत्या आकड्यावर हलायचं.

आपण ठरवायचं ते असं : 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय गटातलं कुणी कपाशी टोबणार नाही. मान्य असेल तर ठराव होईल आणि तो सगळ्यांना लागू राहील, पहिल्या सरीला हुरळणाऱ्यांनाही. एकरी 2 प्रमाणे 62 एकराला 124 कामगंध सापळे लागतात. ते आणायचे का, आणि लावल्यावर कोणत्या धुऱ्याचे कुणी मोजायचे, हेही तिथेच ठरेल. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ पतंग आले तर गटाला कळवायचं, एवढं आतापासून ध्यानात ठेवा. डोमकळ्या दिसेपर्यंत थांबायचं नाही.

7:40 ते 7:48 (8 मिनिटं) सोयाबीनचं घरचं बियाणं
ज्यांनी घरचं बियाणं ठेवलं आहे त्यांनी 8 तारखेच्या आत शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले असतीलच. सात दिवसांनी जितके चांगले कोंब मोजले तो तुमचा टक्का. सभेत प्रत्येकानं फक्त आकडा सांगायचा, सचिव फळ्यावर लिहितील. बियाणं कसं सांभाळलं, कोणत्या कोपऱ्यात ठेवलं, ही कथा चहाच्या वेळी.

70 किंवा वर असेल तर एकरी 30 किलो. त्याखाली प्रत्येक टक्क्याला अर्धा किलो वाढवायचं, म्हणजे 64 आला तर 33 किलो. 60 च्या खाली असेल तर ते बियाणं पेरायचं नाही. कुणाकडे उरतं आणि कुणाला कमी पडतं हे फळ्यावरच दिसेल. देवाणघेवाणीचा भाव गटानं एकच ठरवायचा. त्यासाठी शेवटची 3 मिनिटं राखली आहेत.

ज्यांनी चाचणी केली नाही त्यांच्या नावापुढे रेघ ओढली जाईल. आकडा नंतर सांगा, पण देवाणघेवाणीत नंबर शेवटचा.

7:48 ते 7:53 (5 मिनिटं) हिशोब
एप्रिलअखेर शिल्लक 1,18,400 रुपये. जमाखर्चाचा कागद दाराजवळ चिकटवलेला असेल, वाचून दाखवणार नाही. पाच जणांचे हप्ते थकले आहेत. त्यांची नावं सभेत घ्यायची नाहीत, कोषाध्यक्ष घरी जाऊन बोलतील. सभेला मंजुरी हवी आहे ती एकाच गोष्टीची : सापळ्यांचा खर्च गटातून करायचा की एकराप्रमाणे प्रत्येकानं भरायचा.

7:53 ते 7:57 (4 मिनिटं) ऐनवेळचे विषय
सभा सुरू व्हायच्या आधी चिठ्ठी दिली असेल तरच. दोनच चिठ्ठ्या, दोन-दोन मिनिटं. आधीचा एखादा निर्णय अडला तर मिनिटं इथूनच जातील, दुसऱ्या कुणाच्या विषयातून नाही. चारही मिनिटं संपली आणि तरी निर्णय झाला नाही, तर अध्यक्षांनी तीन जणांना नेमायचं. ते बुधवारी रात्री बसून ठरवतील आणि ते सगळ्यांनी मान्य करायचं.

फवारणीच्या संरक्षक कीटचा विषय दोघांनी मागितला होता, तो यावेळी मुद्दाम घेतला नाही. 2017 साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. तो चार मिनिटांत उरकायचा विषय नाही. जुलैच्या सभेत त्याला पहिल्या नंबरवर 25 मिनिटं ठेवली आहेत.

7:57 ते 8:00 (3 मिनिटं) ठरावांचं वाचन
काय ठरलं, कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत, एवढंच मोठ्यानं वाचायचं. ज्याचं नाव येईल त्यानं हो म्हणायचं. नाही म्हणायचं असेल तर तेव्हाच, चार दिवसांनी पाणवठ्यावर नाही. पुढच्या सभेची तारीख सांगून अध्यक्ष उठतील.

8:00
चहा बाहेर, लिंबाखाली. सतरंज्या ओलिताच्या चमूनं गुंडाळायच्या, फळा तसाच राहू द्या, सचिव फोटो काढून घेतील. किल्ली तेरवीच्या घरी द्यायची आहे.

– सचिव