बाबांचं पहिलं ऑम्लेट

आई मावशीकडे मिरजेला गेली होती. रविवारी सकाळी बाबा म्हणाले, "मने, आज ऑम्लेट मी करणार."

त्यांनी तवा धूर येईपर्यंत तापवला, अंडी दोनदाच ढवळली आणि ओतली. चर्र! कडा क्षणात करपल्या, मधे मात्र पांढरं वेगळं, पिवळं वेगळं आणि कच्चंच.

"बाबा, गॅस बारीक करा. तवा निवू दे जरा."

दुसऱ्या वेळी त्यांनी वाटीत दोन अंडी फोडली. मीठ, चिमूटभर हळद घालून काट्याने फेटायला लागले. काटा वर उचलला की पांढऱ्याची तार लोंबायची. ती तुटेपर्यंत, वर बारीक फेस येईपर्यंत ते थांबले नाहीत. मग कांदा, मिरची, कोथिंबीर.

तव्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहिला. तो टणटण उड्या मारत पळाला नाही, हलकेच चुरचुरून आटला. "आता?" बाबांनी विचारलं. मी मान हलवली.

तेलावर अंडं अलगद पसरलं. झाकण ठेवून बाबा श्वास रोखून उभे. मिनिटाभराने कडा आपोआप सुटल्या, उलथनं सहज खाली गेलं. घडी पडली, पिवळीधमक, न फाटता.

करपलेलं त्यांनी स्वतःच्या ताटलीत घेतलं.

"आईला फोटो पाठव," म्हणाले, "पण आधी तू खा, गरम आहे तोवर."