शब्दसाखळी: मागच्याचे शेपूट, पुढच्याचे तोंड

चार साखळ्या, ४० गुण, वेळ अर्धा तास. पेन्सिल घ्या, पेन नको. मधला एक शब्द चुकला की पुढचे सगळे खोडावे लागते.

खेळ अंताक्षरीच्याच घराण्यातला, पण इथे शेवटच्या अक्षरावर भागत नाही. सामासिक शब्दाचे दुसरे पद, म्हणजे उत्तरपद, अख्खे उचलायचे आणि पुढच्या शब्दाचे पहिले पद करायचे. नमुना पाहा:

गुरुकुल → कुलदेव → देवराज → राजगुरू

'राजगुरू'चे शेपूट 'गुरू' आणि पहिल्या शब्दाचे तोंड 'गुरु', म्हणजे ही साखळी फिरून स्वतःलाच मिळाली. अशा साखळीला आपण कडे म्हणू. चौथे कोडे कड्याचेच आहे.

नियम

दोन्ही पदे एकेकटी उभी राहिली तरी अर्थ देणारी हवीत. म्हणून प्रत्यय लागलेले शब्द बाद. 'जमीनदार'मधल्या 'दार'ला घराचे दार समजून 'दारवान' गाठता येणार नाही. तो 'दार' प्रत्यय आहे. 'कलाकार', 'गाडीवान', 'दुकानदारी' यांचेही तेच.

संधीत पदांचा सांधा विरघळला असेल तर तो शब्दही बाद. 'विद्यालय'ची फोड विद्या + आलय अशी आहे. तिथून 'लय' तोडून 'लयबद्ध' लिहिलेत तर गुण नाही.

अर्थ बदलला तर हरकत नाही, उलट खरी गंमत तिथेच आहे. एका शब्दात 'पत्र' म्हणजे दाखला असेल आणि पुढच्यात टपालाने येणारी चिठ्ठी.

ऱ्हस्व-दीर्घाचा फरक चालेल, पण शब्द प्रमाणलेखनानुसारच लिहा. 'गुरू' एकटा किंवा समासाच्या शेवटी असला की दीर्घ, पुढे पद जोडले की मूळ संस्कृताप्रमाणे ऱ्हस्व: गुरुकुल. 'वधू' मुळातच दीर्घ, म्हणून ती कुठेही बसली तरी वधूच. मराठी 'फूल'मधला दीर्घ ऊ मात्र समासात पुढे आला की आखडतो.

कंसातला आकडा अक्षरांचा. जोडाक्षर एकच मोजायचे, अनुस्वार वेगळा मोजायचा नाही. 'व्यवहार' चार अक्षरी, 'गंगा' दोन.

पहिली साखळी: रानातून मैफलीत (७ गुण)

पहिला शब्द दिला आहे: रानफूल

१. रानात आपोआप उगवते ते इथे वाफे पाडून लावतात (४)
२. खुरपे, झारी आणि कात्री घेऊन करायचे (४)
३. साहेब समोर असले की याचे हात चालतात, पाठ फिरली की थांबतात (४)
४. मुंबईत भेंडी बाजाराजवळच्या मटण स्ट्रीटवर जुन्या वस्तूंसाठी प्रसिद्ध (५)
५. कांद्याचा क्विंटलमागे आज किती, हे यावरून कळते (५)
६. गजानन वाटवे यांनी लोकप्रिय केलेला गानप्रकार (४)
७. एका धाग्यात ओवल्यासारखी एकामागून एक गाणी (४)

दुसरी साखळी: डब्यापासून वहीपर्यंत (९ गुण)

पहिला शब्द: वनभोजन

१. इथे ताट विकत मिळते, आग्रह मिळेलच असे नाही (५)
२. वास्तुशांत झाली, आता उंबरा ओलांडायचा (५)
३. हे घरी विसरले तर परीक्षेच्या दारातच अडवतात (५)
४. 'सप्रेम नमस्कार, वि. वि.' असा सुरू होणारा (६)
५. पुस्तकात पहिला आलेल्यालाही वाण्याच्या दुकानात कमी पडू शकते (६)
६. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाच्या ब्रीदवाक्यातला पहिला शब्द. दुसरा 'घरोघरी' (४)
७. देव्हाऱ्यातला सीलबंद तांब्या (४)
८. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना होतो (५)
९. १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत सापडलेल्या वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी घरी परतल्यावर जे लिहिले, ते या प्रकारात मोडते (६)

तिसरी साखळी: ताटातून तबल्याशेजारी (१० गुण)

इथे सूचक शब्द नाहीत, फक्त सुटे तुकडे आहेत. साखळीचे पहिले पद दही, शेवटचे पद कला. मधे खालच्या अकरापैकी नऊ तुकडे बसवून सलग दहा शब्द तयार करा. दोन तुकडे उरतील. ते मुद्दाम टाकलेले आहेत.

पत्र, घर, माल, वादन, भाडे, काम, शेती, पेटी, भात, करार, गाडी

चौथे कोडे: कडे (१४ गुण, शब्दाला दोन)

सात शब्द, सातही चार अक्षरी. सूचक शब्द उलटसुलट लावले आहेत. उत्तरे काढा आणि क्रम लावून कडे बंद करा. सुरुवात कुठूनही केली तरी चालेल.

अ. सून, पण छापील निमंत्रणाच्या भाषेत
आ. कुरुक्षेत्र
इ. स्थानिकांना नोकरीत अग्रक्रम हवा, असे म्हणताना पुढे केला जाणारा शब्द
ई. ग्रहण सुटल्यावर, पर्वकाळी हात सैल सोडून करायचा
उ. एकमेकांची पसंती व्हावी म्हणून यांचे मेळावे भरवतात
ऊ. तपाला भुलून देव हे देतो आणि पुढे निस्तरत बसतो
ए. क्षत्रियाला याहून श्रेयस्कर काही नाही, असे गीतेच्या दुसऱ्या अध्यायात श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतो

अडलात तर

पहिलीत दुसऱ्या सूचकापासून सुरुवात करा. तो सुटला की दोन्ही बाजूंना पदे मिळतात. दुसरीत सहावा सूचक सोपा आहे, तिथून उलटे चाला. तिसरीत 'कला'च्या आधी कोणता तुकडा शोभतो ते आधी पाहा आणि मागे या. पुढून गेलात तर 'शेती'पाशी फाटा फुटतो. कड्यात 'उ' आणि 'ऊ' शेजारी आहेत, एवढेच सांगतो.

(इथे पान उलटे करा.)

उत्तरे

पहिली: रानफूल → फुलबाग → बागकाम → कामचोर → चोरबाजार → बाजारभाव → भावगीत → गीतमाला

'फूलबाग' लिहिले असेल तर अर्धा गुण कापा. 'भाव' इथे कूस बदलतो: आधी दर, मग मनातली भावना. शेवटी अनेक जण 'गीतकार' लिहितात. अक्षरेही चारच भरतात, पण 'कार' प्रत्यय आहे आणि सूचक शब्द गाण्यांबद्दल आहे, माणसाबद्दल नाही. 'गीतसंग्रह' अर्थाने जवळ येतो, मात्र पाच अक्षरी आहे.

दुसरी: वनभोजन → भोजनगृह → गृहप्रवेश → प्रवेशपत्र → पत्रव्यवहार → व्यवहारज्ञान → ज्ञानगंगा → गंगाजल → जलप्रवास → प्रवासवर्णन

घसरण्याची जागा तिसरी. 'दार' हा शब्द वाचून 'प्रवेशद्वार' लिहिला जातो, तोही पाच अक्षरी. पुढे 'द्वार'ने सुरू होणारा आणि पत्राच्या मायन्याशी जुळणारा सहा अक्षरी शब्द सापडत नाही, तेव्हा मागे फिरावे लागते. पहिल्या उत्तरात 'भोजनालय' लिहिणाऱ्यांची गाडी तिथेच अडते: अक्षरे पाच, पण भोजन + आलय हा संधी, म्हणजे नियमाने बाद. आठव्यात 'जलप्रवाह' लिहिला तर नववा सुटत नाही.

'ज्ञानगंगा'चा विग्रह 'ज्ञानाची गंगा' असा न करता 'ज्ञानरूपी गंगा' असा करतात, म्हणून तो कर्मधारय. 'गंगाजल' मात्र सरळ 'गंगेचे जल', षष्ठी तत्पुरुष. एकच पद दोन शेजाऱ्यांशी दोन वेगळ्या नात्यांनी बांधलेले आहे.

तिसरी: दहीभात → भातशेती → शेतीमाल → मालगाडी → गाडीभाडे → भाडेकरार → करारपत्र → पत्रपेटी → पेटीवादन → वादनकला

उरलेले तुकडे: घर आणि काम. 'शेतीकाम' हा शब्द चांगला रुळलेला आहे, म्हणूनच तो फसवतो. 'काम' जोडल्यावर पुढे उरलेल्यांपैकी एकही तुकडा साखळी शेवटपर्यंत नेत नाही. 'घरभाडे'ही तोंडावर येते, पण 'घर'वर संपणारा शब्द या तुकड्यांतून करायचा तर 'गाडीघर' किंवा 'मालघर' असे काहीतरी ओढूनताणून बनवावे लागते. असले घरगुती शब्द मानू नयेत. 'शेतमाल' हे रूप जास्त कानावर पडत असले तरी तुकडा 'शेती' आहे, तेव्हा शेतीमालच. आणि पत्रपेटीतली पेटी टपालाची, पेटीवादनातली हार्मोनियम. इथे पेटी म्हणजे ट्रंक धरून बसलेले लोक 'वादन' हातात असूनही ते कुठे लावायचे हे शोधत राहतात.

चौथे: धर्मयुद्ध (ए) → युद्धभूमी (आ) → भूमिपुत्र (इ) → पुत्रवधू (अ) → वधूवर (उ) → वरदान (ऊ) → दानधर्म (ई) → पुन्हा धर्मयुद्ध

सगळ्यात सुंदर वळण 'वधूवर' ते 'वरदान': बोहल्यावरचा वर पुढच्या शब्दात देवाचा वर होतो. 'भूमी' आणि 'भूमि' यांत इकार बदलतो, 'वधू'चा ऊकार दोन्हीकडे दीर्घच राहतो. 'वधुवर' किंवा 'भूमीपुत्र' लिहिल्यास शब्दामागे एक गुण वजा.

'भूमिदान' घेऊन कोणी चारच शब्दांत कडे बंद करील: धर्मयुद्ध, युद्धभूमी, भूमिदान, दानधर्म. ते कडे म्हणून निर्दोष आहे, पण मागितलेले सात शब्द त्यात नाहीत आणि चार सूचकांना जागाच उरत नाही. त्याला ६ गुण द्या: जे तीन शब्द दोन्हीकडे येतात, त्यांचे.

वाद झाला तर: एखाद्याने वेगळा शब्द लावून साखळी पूर्ण केली, तर तीन गोष्टी तपासा. अक्षरसंख्या जुळते का, सूचक शब्दाशी अर्थ जुळतो का, आणि शब्द कोशात किंवा रोजच्या छापील मजकुरात सापडतो का. तिन्हींना 'हो' असेल तर पूर्ण गुण. तिसऱ्या साखळीला सूचक नाहीत, तिथे फक्त तिसरी कसोटी लावा. अक्षरे तुकड्यांवरूनच ठरतात. बोलीत वापर आहे, पण कोशात नाही, असा शब्द असेल तर खेळणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांनी तो आधी ऐकलेला असावा. गुण समान पडले तर कडे आधी बंद करणारा पुढे.