शाळेतील कर्मचाऱ्यांसाठी सीपीआर प्रात्यक्षिक कार्यशाळा : नियोजन

ठिकाण : जांबोटी भागातील मराठी शाळा, ता. खानापूर, जि. बेळगाव
वेळ : जुलैचा तिसरा शनिवार, मुले घरी गेल्यावर दुपारी 12 ते 3.30
शिकवणारे : बी.एस्सी. नर्सिंग चौथ्या वर्षाचे 12 विद्यार्थी, सोबत एक मॅडम
शिकणारे : 24 जण. 15 शिक्षक, एक क्लार्क, दोन शिपाई, अक्षर दासोह या शाळेतल्या जेवणाच्या योजनेच्या चार स्वयंपाकीण मावशी आणि एसडीएमसी या शाळेच्या समितीचे दोन सदस्य

जुलैत या भागात पाऊस थांबत नाही. ओढ्यावर पाणी आले की अॅम्ब्युलन्स यायला वेळ लागतो, आणि हृदय बंद पडलेल्या माणसाजवळ तेवढा वेळ नसतो. मधल्या वेळात जो जवळ असेल त्याचेच हात उपयोगी पडतात. म्हणून मावशींना मुद्दाम बोलावले आहे. शाळेत त्या रोज असतात, आणि घास अडकतो तो त्यांच्यासमोरच.

गेल्या वर्षी दुसऱ्या एका शाळेत आम्ही तासभर स्लाइड दाखवल्या, एका सरांनी पुतळ्यावर दाब देऊन दाखवला आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. निघताना एक बाई म्हणाल्या, "समजलं सगळं, पण हात लावायचं धाडस होणार नाही." तेव्हापासून ठरवले आहे, या वेळी स्लाइड नाहीत.

उद्दिष्टे

कार्यशाळा संपताना प्रत्येकाला स्वतः करून दाखवता आले पाहिजे : बेशुद्ध माणूस नीट श्वास घेतो की नाही हे 10 सेकंदांत ओळखणे, 108 ला नेमका पत्ता सांगणे, सलग 2 मिनिटे योग्य दाब देणे, मुलाला तोंडाने श्वास देणे आणि घशात अडकलेले काढणे.

सुरुवातीला 20 मिनिटे आम्ही न बोलता एक प्रसंग करून दाखवू. मग सहा-सहा जणांचे चार गट, प्रत्येक केंद्रावर 30 मिनिटे आणि तीन विद्यार्थी.

केंद्र 1 : छातीवर दाब

तीन मोठे पुतळे, दोघांत एक. छातीच्या मधोमध तळहाताची टाच, त्यावर दुसरा हात, कोपरे ताठ. खोली 5 ते 6 सेंमी, मिनिटाला 100 ते 120 दाब, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. नवशिक्यांचे हेच राहते, ते छातीवर रेलून बसतात. दर 2 मिनिटांनी माणूस बदलायचा.

मोजण्याची एक अडचण सरावात लक्षात आली. एक ते तीस सरळ मोजले की "सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस" म्हणताना जीभ अडखळते आणि हातही मंदावतात. म्हणून एक ते दहा, तीन वेळा मोजायचे. साडी नेसलेल्या बायकांना गुडघ्यांवर बसता यावे म्हणून सतरंजीच्या दोन घड्या घालायच्या. काचेच्या बांगड्या मनगटावरून मागे सारून रुमालाने बांधायच्या. हे आधीच सांगायचे, नाहीतर त्या मागेच उभ्या राहतात.

केंद्र 2 : ओळखणे आणि फोन

खांदे हलवून मोठ्याने हाक मारायची. मधूनच येणारी घरघर, आचका म्हणजे श्वास नव्हे, हे आमचा विद्यार्थी आवाज काढून दाखवेल. कांदा हुंगवणे, पाणी पाजणे इथेच थांबवायचे.

फोन स्पीकरवर, हात छातीवर. पलीकडून बहुधा कन्नड ऐकू येईल, घाईत शब्द सुचत नाहीत. म्हणून तीन वाक्ये पाठ करून घ्यायची : "प्रज्ञे इल्ला. उसिरु इल्ला. बेग बन्नि." म्हणजे शुद्ध नाही, श्वास नाही, लवकर या. मग गाव, तालुका, शाळेजवळची खूण. प्रत्येकाने एकदा तरी मोठ्याने म्हणायचे. हा कागद ऑफिसात आणि स्वयंपाकघरात लावायचा. एक माणूस फाट्यावर गाडीला वाट दाखवायला.

केंद्र 3 : मूल आणि बुडालेला

मुलांचे हृदय बहुतेक वेळा श्वास कोंडल्यामुळे थांबते, म्हणून इथे श्वास टाळायचे नाहीत. लहान पुतळ्यावर छातीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाइतका, साधारण 5 सेंमी दाब. 30 दाबांना 2 श्वास. पाण्यातून काढलेल्याला आधी 2 श्वास, मग दाब. पोट दाबून पाणी काढणे, उलटे टांगणे अजिबात नाही. मलप्रभेच्या काठची माणसे यावर वाद घालतील. शांतपणे सांगायचे : त्यात जाणारा वेळ श्वासाचा असतो.

केंद्र 4 : घास अडकणे, एईडी

खोकता येत असेल तर खोकू द्या. येत नसेल तर पाठीवर 5 थापा, मग बेंबीच्या वर 5 झटके, आळीपाळीने. शुद्ध गेली की सीपीआर. झटक्यांचा सराव उशी बांधून, एकमेकांच्या पोटावर कधीच नाही. एईडी म्हणजे थांबलेल्या हृदयाला विजेचा धक्का देणारे यंत्र. शाळेत ते नाही, त्यामुळे सरावाचे यंत्र 10 मिनिटेच : चालू करा, पट्ट्या चिकटवा, यंत्र सांगेल ते ऐका.

शेवटची चाचणी, 2.45 ते 3.30

चहानंतर तिन्ही मोठ्या पुतळ्यांवर प्रत्येकाने एकट्याने हाक, फोन आणि 2 मिनिटे दाब द्यायचा. जमले नाही तर नापास म्हणायचे नाही. तिथेच पुन्हा करून घ्यायचे, साडेतीन वाजून गेले तरी चालेल. पुतळ्याचे तोंड प्रत्येकानंतर स्पिरिटने पुसायचे, श्वासासाठी प्रत्येकाला वेगळे फेस शील्ड. ज्यांचे गुडघे, कंबर दुखते किंवा ज्या गरोदर आहेत त्यांनी पुतळा टेबलावर घ्यावा.

सवय काही महिन्यांत सुटते. दसऱ्याच्या सुट्टीनंतर पुतळे घेऊन पुन्हा येणार, तासाभरासाठी, याच 24 जणांकडे.